रात्री लिहिलेलं ॲप कुणाचं?

कॅलिफोर्नियातल्या कंपनीत रुजू होणाऱ्या पुण्याच्या अभियंत्याचा प्रश्न आहे : नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धकाकडे जायला बंदी आणि ‘सर्व शोध कंपनीचे’, या अटींवर सही करावी का?

पहिल्या अटीची धास्ती नको. कॅलिफोर्नियात अशी बंदी रद्दबातल असते. २०२४ पासून तर करार कुठेही झालेला असला, तरी ती लागू होत नाही. (गुपितं मात्र सोबत नेता येत नाहीत.)

खरी मेख दुसऱ्या अटीत आहे. तिथल्या कामगार कायद्याचं कलम २८७० स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर केलेल्या कामाला संरक्षण देतं. पण ते काम कंपनीच्या व्यवसायाशी निगडित असेल, तर नाही. बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसाने घरी रात्री बिलिंगचं ॲप लिहिलं, तर कंपनी त्यावर हक्क सांगू शकते. क्रिकेटच्या धावफलकाचं ॲप बहुधा वाचेल, मात्र ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलेलं नसावं. जुनं ॲप सहीपूर्वीच पूर्वीच्या शोधांच्या परिशिष्टात नोंदवावं.