बॉक्स बोलू द्या की जरा

साताऱ्यात आमचं किराणा दुकान आहे, जोडीला थोडं पूजेचं साहित्य. पूर्वी पाचशेची नोट आली की मी ती ट्यूबलाइटकडे धरून बघायचो आणि गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालायचं. आता उजेडात धरायला हातात काही येतच नाही. समोरचा माणूस मोबाइल आपल्याकडे फिरवतो, दोन सेकंद हिरवं काहीतरी दिसतं आणि तोवर पिशवी उचललेली असते. त्या दोन सेकंदांत काय बघायचं आणि काय बघून उपयोग नाही, हे हळूहळू कळत गेलं. तेवढंच सांगतो.

१. ती हिरवी खूण गिऱ्हाइकाची असते, माझी नव्हे. हे कळायला फार अक्कल लागत नाही, पण गर्दीत ती अक्कल वापरायला सुचत नाही. पूर्वी मनीऑर्डर केली की पोस्टात एक पावती मिळायची आणि पैसे पोचल्यावर पलीकडच्या सहीची पोचपावती वेगळी यायची. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर जे दिसतं ते त्याच्या ॲपचं सांगणं असतं. मधे त्याची बँक पैसे काढते, एनपीसीआयची यंत्रणा निरोप पुढे नेते, माझी बँक जमा करते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. माझा पुरावा म्हणजे माझ्या बाजूची जमेची नोंद. बाकी सगळं त्याचं म्हणणं, मग ते कितीही खरं असो.

आणि ते दर वेळी खरं असतंच असं नाही. नावाजलेल्या ॲपांची हुबेहूब नक्कल करणारी खोटी ॲप्स आहेत. त्यांत दुकानाचं नाव आणि रक्कम टाकली की तोच रंग, तीच खूण, तोच ‘टिंग’ आवाज. सुरुवातीला मी चष्मा वर करून लोकांच्या फोनमधली अक्षरं तपासायचो, जणू मी हस्ताक्षरतज्ज्ञ. त्यात काही अर्थ नाही. नक्कल चांगली असेल तर माझ्या डोळ्यांना ती दिसणार नाही. मी फक्त माझा फोन बघायचा. खोट्या ॲपला सगळं जमतं, माझ्या दुकानाच्या ॲपमधल्या यादीत एक ओळ वाढवणं तेवढं जमत नाही.

२. गिऱ्हाईक खरं, स्क्रीन खरा, पैसेही खरेच गेलेले, आणि तरी आपल्याला आले नाहीत, असंही होतं. दुकानांबाहेरच्या क्यूआर कोडवर रात्रीतून दुसराच कोड चिकटवून जाणारे लोक आहेत. मग दिवसभराचे पैसे भलत्याच खात्यात जातात आणि ज्याने दिले त्याच्याकडे अगदी अस्सल पावती असते. भांडायचं कुणाशी? म्हणून सकाळी शटर वर केलं की आमच्याकडे उदबत्तीनंतरचं दुसरं काम म्हणजे स्वतःचाच कोड स्कॅन करणं. पिन टाकायच्या आधीच नाव दिसतं, त्यामुळे याला खर्च शून्य.

म्हणूनच गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर मी रक्कम आणि खुणेच्या जोडीला नावही बघतो. आमच्याकडे त्यात एक गंमत आहे. पाटीवर नाव माझं, खातं बायकोचं. नवीन माणूस पैसे पाठवताना थबकतो आणि विचारतो, “हे कोण?” मी म्हणतो, “मालक.” बायको आतून हसते. पण जो थबकून विचारतो तो मला आवडतो.

३. पैसे आले की रक्कम बोलून दाखवणारा गल्ल्यावरचा बॉक्स हा चांगला साक्षीदार आहे, पण त्याला चेहरे ओळखता येत नाहीत. त्याच्यात स्वतःचं सिमकार्ड असतं, गिऱ्हाइकाच्या फोनशी त्याचा काही संबंध नसतो, म्हणून त्याच्यावर माझा भरवसा. तरी एका संध्याकाळी त्याने मला चांगलंच कोड्यात टाकलं. कॉलेजची दोन मुलं, दोघांचे चाळीस-चाळीस रुपये, दोघांनी एकदमच स्कॅन केलं. बॉक्स एकदाच बोलला. दोघेही म्हणतात, “काका, माझेच आले.” दोघेही प्रामाणिक दिसत होते आणि माझ्या मते होतेही.

अशा वेळी कामाला येतो तो बारा आकडी संदर्भ क्रमांक. काही ॲपांत त्याला ‘यूटीआर’ म्हणतात, काहींत ‘यूपीआय रेफरन्स’. त्याच स्क्रीनवर अक्षरं-आकडे मिसळलेला आणखी एक लांबलचक क्रमांकही असतो. तो ज्याच्या त्याच्या ॲपचा, तो वाचून दाखवला तर माझ्याकडे जुळेलच असं नाही. बारा आकड्यांचा मात्र दोन्हीकडे एकच. मी म्हटलं, शेवटचे चार आकडे सांगा. एकाचे निघाले ७३१६, दुसऱ्याचे २०४८. माझ्या यादीत चाळीस रुपयांची एकच ओळ होती, तिच्या शेवटी २०४८. तो मुलगा गेला. दुसऱ्याचा स्क्रीन नीट बघितला तर हिरवी खूण नव्हतीच, ‘प्रोसेसिंग’ लिहिलेलं होतं. त्याला थांबवून शेंगदाण्याचा लाडू दिला. लाडू संपायच्या आत बॉक्स पुन्हा बोलला.

पण बॉक्स गप्प आहे म्हणजे पैसे आलेच नाहीत, असंही नसतं. कधी त्याचं नेटवर्क गेलेलं असतं, कधी चार्जिंग उतरलेलं. बॉक्स बोलला तर उत्तम, नाही बोलला तर यादी उघडायची. यादीतही नसेल तर पुढचं बोलायचं.

४. पुरावा मागणं ही शब्दांपेक्षा सुराची गोष्ट आहे. तीस वर्षं उधारीवर विश्वास ठेवलेल्या माणसाला “दाखवा बघू मोबाइल” म्हणवत नाही. जीभ रेटत नाही. मग मी सगळा दोष त्या यंत्रावर ढकलतो. “बॉक्स बोलू द्या की जरा, अण्णा,” म्हणायचं आणि तेवढ्यात वजनकाटा पुसायचा. अण्णाही मग बॉक्सकडेच बघतात, माझ्याकडे नाही.

५. सगळ्यात अवघड स्क्रीन हिरवा नाही आणि लालही नाही, तो मधला. १२ एप्रिल २०२५. शनिवार, त्यात हनुमान जयंती. नारळ, रुईच्या माळा, तेल, सगळं एकाच दिवशी विकायचं, आणि त्याच दिवशी देशभर यूपीआय अडखळलं. एक काकू ८४० रुपयांचं सामान घेऊन उभ्या. त्यांच्या बँकेचा मेसेज आला, पैसे गेले. ॲपवर ‘पेंडिंग’. माझ्याकडे ओळ नाही, बॉक्स गप्प. मागे रांग. रांगेतला प्रत्येकजण आपापल्या फोनवर पुन्हा पुन्हा बोट मारत होता, झालं का, झालं का.

नंतर वाचलं तेव्हा हसूच आलं. एनपीसीआयच्या तपासणीत निघालं ते असं, की काही बँकांकडून ‘त्या व्यवहाराचं काय झालं’ अशा विचारणांचा इतका मारा झाला की त्या भारानेच यंत्रणा दमली. म्हणजे आमच्या रांगेत जे चाललं होतं तेच वरही चाललं होतं. त्याच वर्षी मग नियम आला, की अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारायची, दोन विचारणांमध्ये नव्वद सेकंद सोडून. गिऱ्हाईक दर दोन सेकंदांनी ‘रिफ्रेश’ करायला लागलं की मी आता हे सांगतो. कुणी ऐकत नाही.

काकूंचं काय केलं? दुसऱ्यांदा पैसे पाठवायला लावलं नाही, कारण पहिलेही उशिरा आले तर परत करण्याचं नवं लचांड. सामान दिलं आणि उधारीच्या वहीत लिहिलं, ८४०, वेळ आणि ते बारा आकडे. रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. दुकानात पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानाला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत जायला हवी, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. मी काकूंना हे सांगितलं, त्यांना फारसं पटलं नाही. मंगळवारी त्यांचे पैसे त्यांच्या खात्यात परत आले, बुधवारी त्या रोख घेऊन आल्या आणि मी वहीतली ओळ खोडली. ओळखीची बाई होती म्हणून हे जमलं. एसटी स्टँडवरून आलेल्या अनोळखी माणसाला मी नम्रपणे रोख मागितली असती आणि अडकलेले पैसे परत येतील म्हणून तोच नियम सांगितला असता.

६. ‘चुकून जास्त गेले, परत करा’ हे वाक्य ऐकलं की हात गल्ल्याकडे न जाता फोनकडे जायला हवा. सोबत एक मेसेजही दाखवतात, तुमच्या खात्यात अमुक जमा. तो साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला असतो, बँकेच्या नावाच्या छोट्या अक्षरांवरून नाही. यादीत ओळ असेल तर जास्तीची रक्कम परत देईन, नसेल तर नाही. इथे मी सूरबीर काही सांभाळत नाही.

७. मालाचं बिल वेगळं, पैशाची पावती वेगळी, आणि हिशेबाला दोन्ही लागतात. व्हॉट्सॲपवर बिल पाठवलं म्हणजे काय विकलं ते ठरलं, पैसे मिळाले हे नाही. उलट बॉक्स दिवसभर ओरडतो, पण बँकेच्या पासबुकात दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मिळून एकच रक्कम पडते. पासबुक उघडून “त्या मुलाचे चाळीस कुठे आहेत?” विचारलं तर उत्तर मिळत नाही. ते दुकानाच्या ॲपमधल्या यादीतच शोधावं लागतं. म्हणून रात्री दुकान बंद करताना वहीत रोख, यूपीआय आणि उधार असे तीन रकाने भरतो आणि यूपीआयचा रकाना यादीच्या बेरजेशी जुळवतो.

तरीही एक गळती राहतेच. उधारीवाल्या एक मावशी महिनाअखेरीस स्क्रीनशॉट पाठवतात, “पाठवले हो भाऊ.” रक्कम बरोबर, तारीख आजची, बारा आकडे जागच्या जागी. माझ्या यादीत काही नाही. त्यांच्या फोनमध्ये माझ्या मुलाचा नंबर ‘किराणा’ म्हणून साठवलेला आहे, कारण लॉकडाउनमध्ये घरपोच सामान तोच द्यायचा. तो आता पुण्यात शिकतो. मावशींचे पैसे इमानेइतबारे त्याच्या खात्यात जातात आणि इथे बॉक्स मुका. मुलाला विचारलं तर म्हणतो, “आलेत की पैसे, बाबा.” आलेत हे खरंच. ते मावशींच्या उधारीत जमा धरायचे, हेही ठरलं. त्याच्या खोलीभाड्यातून वजा करायचे की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.