वहीतली साठ ग्रॅम प्रथिने गेली कुठे?

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी पाठवताना शल्यविशारदांनी सांगितले की, गुरुजींचे वजन पन्नास किलो आहे, स्नायू फार झिजले आहेत, तेव्हा रोज साठ ग्रॅम तरी प्रथिने पोटात गेली पाहिजेत. गुरुजींची सून पदवीधर आणि मोठी टापटिपीची. तिने स्वयंपाकघरासाठी छोटा डिजिटल वजनकाटा आणला, प्रथिनांचा तक्ता मिळवला आणि वही घातली. सासऱ्यांच्या ताटात पडणारा प्रत्येक पदार्थ वजन करून लिहू लागली.

दोन महिन्यांनी ती वही घेऊन माझ्याकडे आली. "डॉक्टर, रोज साठ ग्रॅम भरतात, एक दिवस चुकलेला नाही. तरी बाबांचे वजन दीड किलो उतरलेय आणि खुर्चीतून उठायला अजून दोघांचा हात लागतो."

वजन उतरण्याची इतर कारणे आधी पाहिली. साखर, थायरॉईड, छातीचा फोटो, सगळे ठीक होते. मग वही उघडली. रोजची नोंद साधारण अशी होती : भात दोन वेळचा मिळून ४०० ग्रॅम, प्रथिने ३२. दोन अंडी, प्रथिने १२. दूध ३०० मिलिलिटर, प्रथिने १०. तुरीची आमटी, प्रथिने ६. एकूण ६०. आठवड्यातून दोनदा अंड्यांच्या जागी कोंबडी, ८० ग्रॅम, प्रथिने १८. त्या दिवशी बेरीज ६६.

बेरीज बरोबर, गुणाकारही बरोबर. मी एवढेच विचारले, "ताई, हा चारशे ग्रॅम भात तुम्ही केव्हा मोजला?"

"ताटात वाढल्यावर. खाल्ला तेवढाच लिहायचा ना?"

चूक तिथे होती. तक्त्यात 'तांदूळ, शंभर ग्रॅमला आठ ग्रॅम प्रथिने' असे लिहिले होते, ते कोरड्या तांदळाबद्दल. ताटात होता तो भात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते आपल्याकडे प्रमाण मानतात, आणि त्यांतले बहुतेक आकडे कच्च्या पदार्थाचे असतात, तेही हाडे, साली, देठ काढून उरलेल्या खाण्याजोग्या भागाचे. आकडा कच्च्याचा आणि वजन शिजलेल्याचे, अशी गाठ मारली की हिशेब फसतो.

भात पाणी पितो

कोरड्या तांदळात पाणी फार थोडे, शंभर ग्रॅममध्ये दहा-बारा ग्रॅमच्या आसपास. आपण तो पाण्यात घालून चुलीवर ठेवतो. पाणी तापले की तांदळातले पिष्ट ते शोषून फुगते, दाणा मऊ होतो आणि त्याचे वजन अडीच ते तीन पट होते. वाढलेले सगळे वजन पाण्याचे. प्रथिने होती तेवढीच राहतात, पण आता ती मोठ्या ढिगात पसरलेली असतात. दुधात पाणी घातले तर दुधातले सत्त्व नाहीसे होत नाही, पण प्रत्येक पेल्याच्या वाट्याला कमी येते. भाताचे तसेच होते.

मी सूनबाईंना घरी एकदा प्रयोग करायला सांगितला. तो कोणालाही करता येईल. रिकामे पातेले वजन करून आकडा लिहून ठेवायचा. मग कोरडा तांदूळ मोजायचा. नेहमीप्रमाणे भात शिजवायचा आणि पातेल्यासकट पुन्हा वजन करायचे. तिचे आकडे असे आले : रिकामे पातेले ६२० ग्रॅम, कोरडा तांदूळ २५० ग्रॅम, शिजल्यावर पातेल्यासकट १३२० ग्रॅम. पातेले वजा केले की भात उरला ७०० ग्रॅम. अडीचशेचे सातशे झाले, म्हणजे २.८ पट.

आता प्रथिने पाहू. अडीचशे ग्रॅम तांदळात, शंभराला आठ या हिशेबाने, वीस ग्रॅम. तीच वीस ग्रॅम आता सातशे ग्रॅम भातात आहेत. म्हणजे शंभर ग्रॅम भातात तीनपेक्षाही किंचित कमी. गुरुजींच्या चारशे ग्रॅम भातात प्रथिने होती सुमारे ११, वहीत लिहिली होती ३२. एकवीस ग्रॅम प्रथिने म्हणून मोजले ते प्रत्यक्षात पाणी होते!

हा २.८ चा आकडा तिच्या घरचा. तुमचा वेगळा येईल. जुना तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी पितो, हे आपल्या गृहिणींना सांगायला नको. कोणाकडे भात मोकळा, कोणाकडे आसट. आजाऱ्यासाठी मऊ भात किंवा पेज केली तर पाणी त्याहून कितीतरी जास्त. वाटीभर पेज पोटाला हलकी, पण तीत तांदूळ मूठभरही नसतो. म्हणून छापील आकड्यापेक्षा आपल्या पातेल्याचा आकडा एकदा काढून ठेवलेला बरा.

कोंबडी पाणी सोडते

कोंबडीच्या बाबतीत गंमत उलटी. कच्च्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असते. आच लागली की मांसातली प्रथिने गोठतात, तंतू आखडतात आणि पिळलेल्या फडक्यासारखे पाणी बाहेर पडते. कोंबडी झाकण ठेवून शिजवली तर आपण पाणी न घालताही तळाशी रस सुटलेला दिसतो, तो हाच. फोड आकसते, वजन साधारण चौथाईने घटते. प्रथिने मात्र बहुतेक सगळी फोडीतच राहतात. शिजवल्याने प्रथिनांचे रूप बदलते, ती जळून जात नाहीत.

या घरी बिनहाडाची अर्धा किलो कोंबडी आणत. कच्च्या बिनहाडाच्या, बिनकातडीच्या छातीच्या मांसात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने धरली तर अर्ध्या किलोत ११०. शिजल्यावर रश्शातून फोडी निथळून मोजल्या, त्या भरल्या ३७० ग्रॅम. एकशे दहा ग्रॅम प्रथिने आता ३७० ग्रॅममध्ये आहेत, म्हणजे शंभराला जवळजवळ तीस. गुरुजींच्या ८० ग्रॅम फोडींत २४ ग्रॅम प्रथिने होती. वहीत कच्च्याच्या आकड्याने १८ लिहिली होती, म्हणजे सहाने कमी.

एकाच चुकीने भाताची प्रथिने जवळजवळ तिप्पट दिसली आणि कोंबडीची कमी. पाणी आत गेले की शंभर ग्रॅममागचा आकडा उतरतो, बाहेर पडले की चढतो.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे हाडे. हाडासकट फोडी मोजून मांसाचा आकडा लावला तर हिशेब फुगतो. ताटात उरलेली हाडे मोजून वजा करावीत. दुसरी म्हणजे रस्सा. फोडी रश्शासकट मोजल्या तर आपण पुन्हा पाणीच मोजतो. आणि फोडी जास्त वेळ भाजल्या किंवा तळून कोरड्या केल्या तर वजन आणखी घटते, शंभराचा आकडा आणखी चढतो. त्याने कोंबडीतली प्रथिने वाढत नाहीत, पाणी तेवढे कमी होते.

आमटी कशी बरोबर आली?

वहीत एक नोंद अचूक होती, ती आमटीची. सूनबाई पाच माणसांसाठी १४० ग्रॅम कोरडी तूरडाळ घेई. एकाच्या वाट्याला २८ ग्रॅम. डाळीत शंभराला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने, म्हणून गुरुजींच्या वाट्याला सहा. आमटी दाट झाली काय किंवा पातळ झाली काय, डाळ तेवढीच, म्हणून हिशेब बिघडला नाही. वजनकाट्याची खरी रीत हीच. कच्चे मोजावे, तक्ताही कच्च्याचाच लावावा आणि मग माणशी वाटणी करावी. वाटे समान नसतील तर सगळ्या पातेल्यातला कितवा हिस्सा आपल्या ताटात आला ते पाहावे.

शिजलेलेच मोजायचे असेल तर शिजलेल्याचा आकडा शोधावा किंवा वर सांगितल्याप्रमाणे घरी काढावा. हातातला तक्ता कशाचा आहे हे कळत नसेल तर भातापुढचा आकडा बघा. सात-आठ असेल तर तो तांदळाचा, अडीच-तीन असेल तर भाताचा. कोंबडीपुढे वीस-बावीस असेल तर कच्ची, तीसच्या आसपास असेल तर शिजलेली.

मग पुढे काय केले?

खरा हिशेब मांडला तेव्हा कोंबडी नसलेल्या दिवसाची बेरीज निघाली भात ११, अंडी १२, दूध १०, आमटी ६, म्हणजे ३९. हव्या होत्या साठ. भात वाढवून ही तूट भरणार नव्हती. उलट भात थोडा कमी करून तीनशे ग्रॅमवर आणला, कारण पोट भातानेच भरत होते. डाळीचा वाटा दुप्पट केला, एक अंडे वाढवले, दुपारी दीडशे ग्रॅम दही आणि भाजीत-चटणीत मिळून पंचवीस ग्रॅम शेंगदाण्याचा कूट. बेरीज साठाच्या जवळ आली. जोडीला व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञांकडून पायांचे व्यायाम सुरू केले. दोन-अडीच महिन्यांत उतरलेले वजन भरून आले आणि गुरुजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतः उठू लागले.

एक इशारा दिला पाहिजे. साठ ग्रॅम हा आकडा गुरुजींचा, सगळ्यांचा नव्हे. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना आम्ही प्रथिने मोजून-मापून, मर्यादेत घ्यायला सांगतो. अशा रुग्णाने शिजलेली शंभर ग्रॅम कोंबडी खाल्ली आणि कच्च्याच्या आकड्याने बावीस लिहिली, तर पोटात तीस गेलेली असतात. भातात हीच चूक केली तर तो विनाकारण दोन घास कमी खातो. त्यांनी आपली वही डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवताना कुठले वजन कच्चे आणि कुठले शिजलेले, ते प्रत्येक नोंदीपुढे लिहावे.

सूनबाईंच्या वहीत आता एक नवा रकाना आहे. वर लिहिले आहे 'क / शि'. प्रत्येक ओळीत एक अक्षर पडते. ते पडले नसेल तर पुढचा आकडा ती लिहीत नाही.