ब्रशच्या आधी सांधा बघा

एका जाहिरातपटाच्या ॲनिमेशनचं अर्धवट काम माझ्याकडे आलं. पात्राचा हात सरळ असताना छान दिसायचा, पण चहाचा कप ओठांशी नेला की कोपर पाण्याच्या पाइपला घडी पडावी तसं चपटं व्हायचं. आधीच्या कलाकाराने वेट पेंटिंगवर बरीच मेहनत घेतलेली दिसत होती. दुखणं मात्र हाडांत होतं.

ब्लेंडर हिशेब कसा करतो ते बघा. कोपराच्या मधल्या वेढ्यावरचा बिंदू दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या हाडाला निम्मा निम्मा वाटलेला असतो, म्हणजे त्याची जागा ही दोन्ही हाडं त्याला जिथे नेतील त्या दोन जागांची सरासरी. सांध्यापासून 4 सेंटिमीटरवर असलेला बिंदू कोपर 90 अंशांत वाकलं की 2.8 सेंटिमीटरवर येतो, 120 अंशांत तर थेट 2 वर. या फाइलमध्ये सांधा हाताच्या जाडीच्या बरोबर मधोमध होता, म्हणून कोपराचं मागचं टोक आत ओढलं जात होतं.

मी सांधा मागे सरकवला, टोकापासून दीड सेंटिमीटरवर. आता 120 अंशांतही टोक पाऊण सेंटिमीटरच आत जातं. पुढची बाजू जास्त दबते खरी, पण तिथे घडी पडायलाच हवी.

याच सरकवण्याने आयकेचंही काम झालं. दोन्ही हाडं एका सरळ रेषेत असली, तर कोपर कुठल्या बाजूला वळवायचं हे आयकेला कळत नाही आणि ते कधी कधी उलटं वळतं. सांधा मागे गेला की हाडांना योग्य दिशेचा किंचित बाक मिळतो. आयके पुढच्या हाताच्या हाडावर लावा आणि Chain Length 2 ठेवा. 0 राहिली तर खांदा आणि पाठही खेचली जाते. पोल टार्गेट कोपराच्या मागे, चांगलं लांब असावं. ते लावताच हात गर्रकन फिरला, तर Pole Angle 90, -90 किंवा 180 करून बघा.

ब्रश हातात घ्यायचा तो यानंतर, आणि कोपर वाकवलेलं ठेवूनच. Auto Normalize चालू ठेवा. कोपराशी निदान तीन वेढे हवेत: दंडाचं वजन वरच्यावर 0.8, मधल्यावर 0.5, खालच्यावर 0.2 च्या आसपास. मागचं टोक मात्र पुढच्या हाताकडे झुकवा, कारण शरीरातही ते पुढच्या हाताच्याच हाडाचं टोक असतं.

Preserve Volume हा आयता उपाय मला पटत नाही. चपटेपणा जातो, पण कोपर फुगतं. एवढं करूनही पूर्ण वाकल्यावर आकार बिघडत असेल, तर त्या स्थितीसाठी दुरुस्तीची शेप की करावी लागते. फाइल पुढे देण्याआधी कोपर पूर्ण वाकवून बाजूने आणि मागून बघा, समोरून हा दोष लपतो.