अर्ध्यावरची पायरी

इंझोरीसारख्या मानोरा तालुक्यातल्या गावात घरातल्या कुणाला तोंडाचा कॅन्सर निघाला, की त्या घरातला शिकलेला मुलगा किंवा पुतण्या अकोला, नागपूर, मुंबई असे फोन लावत सुटतो. खर्‍याच्या या मुलखात हे नवं नाही. मग कुणीतरी ओळखीचा त्याच्या व्हॉट्सअॅपवर एक फोटो टाकतो. वैद्यकीय नियतकालिकाचं पान असतं किंवा एखाद्या परिषदेतली स्लाइड. त्यात दोन रंगांचे दोन जिने डावीकडून उजवीकडे उतरत जातात, आणि घरात एकच प्रश्न असतो: यात किती महिने लिहिलेत? माझं म्हणणं असं, की त्या फोटोतून प्रामाणिक उत्तर काढता येतं. पण ते निसटतं ते बहुतेक वेळा हात थरथरल्यामुळे नाही, तर आपण जिना वाचतोय हे विसरून उतार वाचायला लागल्यामुळे. या चुका मी स्वतः केल्या आहेत आणि दुसर्‍यांच्या वाचनातही पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. म्हणून ही लिखापढी.

आधी जिना का असतो ते पाहू. हा आलेख काढायची रीत कॅप्लन आणि मायर या दोघांनी 1958 मध्ये मांडली. उभ्या अक्षावर जिवंत असण्याचं प्रमाण, आडव्या अक्षावर काळ. कुणी दगावलं की रेघ सरळ खाली पडते, पुढचा मृत्यू होईपर्यंत आडवी चालते. समजा अभ्यासात 10 पेशंट आहेत. दुसर्‍या महिन्यात एक गेला, तिसर्‍यात एक गेला. रेघ 100 वरून 90, मग 80 टक्क्यांवर आली. चौथ्या महिन्यात एक पेशंट गावी परतला, पुढची खबर नाही. तो जिवंत होता एवढंच ठाऊक, म्हणून रेघेवर तिथे छोटी उभी खूण येते आणि रेघ जराही खाली येत नाही, पण हिशेबातली माणसं 8 ची 7 होतात. पाचव्या महिन्यात एक मृत्यू झाला की 80 चे सहा-सप्तमांश, म्हणजे 68.6 टक्के उरतात. सहाव्यात आणखी एकाची खबर थांबली, 5 उरले. नवव्यात एक गेला: 54.9. तेराव्यात एक गेला: 41.1. मध्यक, ज्याला डॉक्टर मीडियन म्हणतात, तो म्हणजे रेघ पहिल्यांदा 50 वर किंवा 50 च्या खाली पोचते तो क्षण. इथे तो 13 महिने. पण नववा आणि तेरावा महिना यांचे कोपरे डोळ्यांनी तिरक्या रेघेने जोडले, तर ती रेघ 50 ला कापते 10.4 महिन्यांवर. त्या दिवशी काहीच घडलेलं नाही. आलेखात तेव्हा 54.9 टक्के जिवंत आहेत आणि पुढे अडीच महिने राहतात. अडीच महिन्यांची ही चूक फोटो कितीही स्वच्छ असला तरी होते. म्हणून आडवी रेघ ओढायची, ती ज्या उभ्या पडझडीला कापेल तिथून सरळ खाली उतरायचं. उभी भिंत सापडली तर वाचन झालं. रेघ नेमकी 50 वर आडवी चालत असेल, तर तिच्या डाव्या टोकाचा महिना घेणारे आहेत आणि मधला घेणारेही आहेत. अशा वेळी दोन्ही टोकं सांगावीत.

आता फोटोची बाजू. पान हातात धरून, दिव्याची सावली चुकवत, एका बाजूने टिपलेला फोटो तिरपा असतोच. तिरपेपणाचा त्रास असा, की जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान दिसते. आडव्या अक्षावर दर 3 महिन्यांनी खूण आहे आणि तो 24 महिन्यांपर्यंत जातो असं धरू. फोटो छापून पट्टी लावली, तर पहिला टप्पा 26 मिलिमीटर, दुसरा 25, असे कमी होत आठवा 19 मिलिमीटर भरला, एकूण 180. आपली भिंत शून्यापासून 83.5 मिलिमीटरवर आहे. पूर्ण लांबीच्या प्रमाणात हिशेब केला तर 11.1 महिने येतात. पण तीच भिंत 9 च्या खुणेपासून 8.5 मिलिमीटर पुढे आहे, आणि 9 ते 12 हा टप्पा 23 मिलिमीटरचा आहे. त्यावरून 9 अधिक 1.1, म्हणजे 10.1 महिने. कागद तोच, पट्टी तीच, महिनाभराचा फरक. तेव्हा अक्षाची दोन टोकं धरून मोजू नये, भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्यात जवळच्या खुणा धराव्यात. पहिला आणि शेवटचा टप्पा मोजून पाहिला की फोटो किती तिरपा आहे ते लगेच कळतं. उभ्या अक्षालाही हेच लागू: 50 ची रेघ फोटोच्या कडेला समांतर ओढायची नाही, आलेखाच्या स्वतःच्या अक्षाला जुळवून ओढायची. मोबाइलच्या डॉक्युमेंट स्कॅनमध्ये चार कोपरे ओढून आलेखाच्या चौकटीवर बसवले तर बराचसा तिरपेपणा निघतो. बाइंडिंगजवळ पान वळलं असेल तर तो बाक मात्र निघत नाही. आणि उभा अक्ष 0 पासून सुरू होतो की 40 पासून, हे वाचल्याशिवाय चित्राच्या मध्यावर रेघ मारणं म्हणजे डोळे मिटून ढेकूळ भिरकावणं.

हे सगळं तपासायला खरा आलेख घेऊ. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा एक अभ्यास 2023 मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आला. डोक्या-मानेचा कॅन्सर परत उलटलेले किंवा पसरलेले 151 पेशंट त्यात होते. 75 जणांना कमी मात्रेत सतत द्यायची तीन औषधं, म्हणजे मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब, आणि 76 जणांना त्याच औषधांवर निवोलुमॅब, तेही दर 3 आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम. नेहमीच्या मात्रेचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी या अभ्यासाला वजन आहे, त्यामुळे त्याचा आलेख फिरतो. लेखात मध्यक दिलेत: 6.7 महिने आणि निवोलुमॅबसह 10.1 महिने. शिवाय एक वर्षाला जिवंत असलेले दिलेत: 16.3 टक्के आणि 43.4 टक्के. हा दुसरा आकडा वाचणार्‍याच्या फार कामाचा आहे. बाराव्या महिन्याला वरचा जिना 43.4 वर, म्हणजे 50 च्या खाली आहे. तेव्हा तुमच्या पट्टीने 14 महिने दाखवले, तर पट्टी चुकली आहे, यात वाद नाही. शिवाय 10.1 ते 12 या एकोणीस दशांश महिन्यांत जिना 6.6 टक्क्यांनी उतरला, सरासरी महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे तुमची 50 ची रेघ 2 टक्के वरखाली झाली, तर उत्तर अर्ध्या महिन्याहून थोडं जास्त हलतं. जिना जितका सपाट, तितकी ही चूक मोठी.

यावर कुणी म्हणेल, अर्ध्या महिन्यासाठी एवढा काटेकोरपणा कशाला? आक्षेप रास्त आहे. लेखातच 10.1 च्या बाजूला 7.4 ते 12.6 असा कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलाय. 76 माणसांच्या गटातून मध्यक याहून घट्ट पकडता येत नाही. तेव्हा फोटोवरून काढलेलं उत्तर 'सुमारे 10' एवढंच सांगावं, '10.13' म्हणू नये. पण महिना-दोन महिन्यांच्या चुका वेगळ्या. त्या इंटरव्हलमध्ये लपून बसतात आणि दोन उपचारांतला फरक खोटा करतात: दोन जिन्यांतला फरक 3.4 महिन्यांचा आहे, तो एका बाजूने महिनाभर चुकला की उपचाराचं चित्रच बदलतं. घरच्यांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट आहे. 10.1 म्हणजे कुणाही एकाची तारीख नव्हे. त्याच गटातले शंभरात 43 जण वर्ष ओलांडून पुढे होते, हे त्याच जिन्यावर बाराव्या महिन्याला दिसतं. आणि महिने मोजायला सुरुवात होते अभ्यासात नाव पडलं त्या दिवसापासून, बायोप्सीच्या किंवा पहिल्या ऑपरेशनच्या दिवसापासून नाही. काका आधीच सहा महिने उपचार घेताहेत म्हणून 10 मधून 6 वजा करणं हे सगळ्यात क्रूर चुकीचं गणित मला वाटतं.

दोन सापळे याच इस्पितळाच्या दुसर्‍या अभ्यासात एकत्र दिसतात. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 350 पेशंटवरचा, फक्त जेफिटिनिब की जेफिटिनिबसोबत केमोथेरपी हे पाहणारा हा अभ्यास 2020 मध्ये आला. त्यात रोग न वाढता गेलेल्या काळाचे मध्यक 8 आणि 16 महिने आहेत; एकूण जगण्याचा मध्यक एकट्या जेफिटिनिबला 17 महिने, आणि केमोसोबत 'गाठलाच नाही'. दोन्ही आलेख दिसायला सारखेच, उतरते जिने. फोटोत उभ्या अक्षाचं नाव कापलं गेलं, तर 'रोग न वाढण्याचे' 16 महिने 'जगण्याचे' म्हणून घरी सांगितले जातात. 'गाठलाच नाही' याचा अर्थ माहिती संपेपर्यंत जिना 50 च्या वरच राहिला. पट्टी लावून तो पुढे वाढवायचा मोह होतो. पण शेवटच्या भागात हिशेबात थोडीच माणसं उरलेली असतात; तिघं उरली असतील तर एका मृत्यूने रेघ एकदम एक-तृतीयांशाने कोसळते. त्या शेपटीचा कल पुढे ओढणं म्हणजे दोन-तीन माणसांच्या नशिबावर भाकीत करणं. तिथे मध्यक नाही, एवढंच लिहावं आणि ज्या महिन्याला जिना संपतो तिथली टक्केवारी द्यावी.

लेखात आकडा छापलेला असताना आलेख का वाचायचा, असा दुसरा आक्षेप येतो. आकडा हाती असेल तर तोच घ्यावा. आलेख त्याची पडताळणी करतो. WebPlotDigitizer सारखी साधनं बिंदूंवर क्लिक करून महिने काढून देतात, आणि ती हाताच्या पट्टीहून बरीच. पण X1, X2, Y1, Y2 या चार खुणा आपणच दाखवायच्या असतात, आणि कोपरा निवडायचा की भिंत, तेही आपणच ठरवतो. तिरपा फोटो आधी सरळ न करता दिला, तर साधन तेच 11.1 महिन्यांचं चुकीचं उत्तर जास्त दशांशांसह परत देतं. म्हणून फोटो पाठवणार्‍याला मी आधी एवढंच मागतो: पान टेबलावर सपाट ठेवून, मोबाइल बरोबर वर धरून, चारही कडा दिसतील असा पुन्हा काढ, आलेखाखाली आकड्यांची जी ओळ आहे, कोणत्या महिन्याला किती पेशंट हिशेबात होते ती, कापू नकोस, आणि चित्राखालचं बारीक अक्षरातलं शीर्षकही येऊ दे.