वाडा विकल्यानंतर आई खचली आहे

प्रश्न : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झाशीकर. खंडेराव गेटजवळचा आमचा वाडा भावंडांच्या संमतीने चार महिन्यांपूर्वी विकला. आई (वय ७१) आता आमच्या फ्लॅटमध्ये राहते. इथे लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, तरी तिचं जेवण तुटलंय. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं. ‘मी आता कुठली म्हणायची?’ असं सारखं विचारते. हा आजार आहे का?

उत्तर : हा शोक आहे, आणि घर गेल्याचाही शोक होतो. अमेरिकेत बोस्टन शहरातला वेस्ट एंड हा जुना मोहल्ला पाडल्यावर तिथून हललेल्या रहिवाशांचा अभ्यास मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली प्रसिद्ध केला. अनेकांचं दुःख आप्त गेल्यासारखं होतं आणि काहींच्या बाबतीत ते दोन वर्षांनंतरही ओसरलं नव्हतं. त्यामुळे ‘एवढ्या सोयी आहेत, मग रडतेस कशाला’ हे वाक्य आईसमोर कुणीही बोलू नये.

झाशीतल्या मराठी माणसाला तर वाडा गेल्याचं दुःख दुहेरी असतं. १७४२ च्या सुमारास मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर इथे आले. त्यांच्यामागून आलेली मराठी कुटुंबं इथे ‘दक्षिणी’ ठरली आणि पुण्याच्या नातेवाइकांना ती ‘झाशीकडची’ वाटतात. दोन्हीकडे थोडं परकेपण. मराठी बोलणं, कुलाचार, घरचा गणपती हे सगळं बिनदिक्कत चालायचं ते वाड्याच्या चौकात. ‘तुम्ही कुठल्या?’ याचं उत्तर आई त्या दाराकडे बोट दाखवून देत होती.

शोक आणि नैराश्य यांतला फरक घरच्यांना ओळखता येतो. शोक लाटेसारखा येतो. माणूस रडतं, पण जुन्या गोष्टी निघाल्या की खुलतं, नातवंडांत रमतं. मन खालावलेलं आणि कशातच गोडी नाही अशी अवस्था रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांहून जास्त टिकली, ‘माझ्या सहीनेच घर गेलं’ असा दोष माणूस स्वतःला देत राहिलं, तर ते नैराश्य समजावं. तुमच्या आईचं पहाटे उठणं आणि जेवण तुटणं याच बाजूला झुकतं. वजन करा. साठ किलोंचं वजन सहा महिन्यांत सत्तावन्नवर आलं, तरी ते दुर्लक्षू नये.

तरीही सगळा दोष मनावर ढकलू नका. धडधडीसाठी ईसीजी, तसंच थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. मग मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी नैराश्यावरचं औषध दिलं, तर गुण दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या वयात त्या औषधांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. चक्कर आली किंवा आई गोंधळल्यासारखी वाटली, तर लगेच कळवा. शेजाऱ्यांकडची झोपेची गोळी मात्र मुळीच देऊ नका.

पडण्याचा धोका खरा आहे. पन्नास वर्षं रात्री उठून डावीकडच्या दाराकडे वळलेलं शरीर अर्धवट झोपेत तिकडेच वळतं, आणि नव्या घरात तिथे भिंत असते. शक्य असेल तर पलंग असा ठेवा, की उठल्यावर जुन्या सवयीच्याच बाजूला वळावं लागेल. न्हाणीघरापर्यंत मंद दिवा रात्रभर राहू द्या, तिथे हाताला धरायला दांडा बसवा.

मग आईचं काम आईला परत द्या. वाड्यात देवांची पूजा, तुळशीला पाणी, कोनाड्यातले डबे या गोष्टी तिच्या हुकमतीत होत्या. फ्लॅटमध्ये ती पाहुणी झाली आहे. देवघर कुठे असावं, हे तिला ठरवू द्या. स्वयंपाकघरातलं एक कपाट पूर्णपणे तिचं असू द्या. १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह जिथे झाला, त्या गणेश मंदिरात तिला ठरलेल्या वारी घेऊन जा. तिथे तिला मराठीत हाक मारणारी माणसं भेटतील.

वाडा पुन्हा पाहायचा म्हणाली तर न्या, पण एकटी पाठवू नका. पाडकाम सुरू असेल तर ते आधी सांगा, जाणं तिच्यावर सोडा. विक्रीचा निर्णय सगळ्या भावंडांचा होता, हे थोरल्याने तिच्यासमोर स्पष्ट बोलावं. घर आपल्यामुळे गेलं, ही अपराधी भावना कुठल्याही गोळीने जात नाही.

परिस्थिती बदलल्याचा असा त्रास बहुधा सहा महिन्यांत ओसरतो. तुमच्याकडे चार महिने होऊनही जेवण-झोप सावरत नाही, म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ‘जगून काय करू’ असं आई बोलली, खाणं-पिणं बंद केलं किंवा अचानक असंबद्ध बोलू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानसिक आधारासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे. तो तुमच्यासाठीही आहे, कारण वाडा तुमचाही गेला आहे.