चुकीचा अर्ज मागे घेताना मूळ उत्तराचे रक्षण

वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द करण्याचे दोन मार्ग कायद्यात आहेत. व्यापारी स्वतः नमुना आरईजी-१६ मध्ये अर्ज करतो, किंवा अधिकारी नमुना आरईजी-१७ मध्ये कारणे दाखवा नोटीस देऊन कार्यवाही सुरू करतो. नोटिशीला नमुना आरईजी-१८ मध्ये सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. या दोहोंची गल्लत झाली की नोंदणी वाचविण्याऐवजी ती रद्द करण्याची विनंतीच आपल्या हातून सादर होते.

एक उदाहरण पाहू. भांड्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानी अधिकारी पाहणीस आले, तेव्हा साप्ताहिक सुटीमुळे दुकान बंद होते. ‘नोंदविलेल्या जागी व्यवसाय आढळला नाही’ या कारणावरून ३ जून २०२५ रोजी नोटीस निघाली. व्यापाऱ्याने ९ जून रोजी भाडेकरार, वीजबिल आणि विक्रीची बिले जोडून मुदतीत उत्तर दिले. मात्र त्याच्या सल्लागाराकडील नव्या साहाय्यकास हे ठाऊक नव्हते. ‘नोंदणी रद्द’ हे शब्द वाचून, उत्तर अद्याप बाकी आहे या समजुतीने, त्याने ११ जून रोजी आरईजी-१६ अर्ज भरला आणि कारण म्हणून ‘व्यवसाय बंद’ हा पर्याय निवडला.

आता अधिकाऱ्यासमोर परस्परविरोधी दोन कागद आले. उत्तर म्हणते व्यवसाय चालू आहे. अर्ज म्हणतो तो बंद झाला. अर्ज मंजूर झाल्यास हानी मोठी आहे. अधिकाऱ्याने स्वतःहून नोंदणी रद्द केली असेल, तर कलम ३० अन्वये ती पूर्ववत करण्यासाठी नमुना आरईजी-२१ मध्ये अर्ज करता येतो. व्यापाऱ्याच्याच अर्जावरून नोंदणी रद्द झाली असेल, तर हा मार्ग खुला नसतो. मग अपील करणे किंवा नवी नोंदणी घेणे एवढेच उरते. म्हणून आदेश निघण्यापूर्वीच पत्र पोहोचले पाहिजे. पोर्टलवर अर्ज मागे घेण्याचा पर्याय दिसत असेल, तर तोही तत्काळ वापरावा.

पत्रात दोन स्वतंत्र विनंत्या असाव्यात. केवळ अर्ज मागे घेतला आणि उत्तराचा उल्लेखच केला नाही, तर व्यापारी नोटिशीबाबत काय म्हणतो हा प्रश्न अधांतरी राहतो. पत्राचा मसुदा असा करता येईल :

प्रति,
मा. अधिकारी, वस्तू व सेवा कर,
(कार्यक्षेत्र व पत्ता)

विषय : अनवधानाने दाखल झालेला नोंदणी रद्द करण्याचा अर्ज मागे घेणे व मूळ उत्तरावर निर्णय देणेबाबत.

संदर्भ : १) नोंदणी क्रमांक … २) नोटीस क्र. …, दि. ३ जून २०२५ ३) उत्तराचा पोच क्र. …, दि. ९ जून २०२५ ४) अर्जाचा पोच क्र. …, दि. ११ जून २०२५

महोदय,
संदर्भ २ मधील नोटिशीस आम्ही संदर्भ ३ अन्वये मुदतीत उत्तर दिले आहे. त्यानंतर, उत्तर देणे बाकी आहे अशा गैरसमजातून, संदर्भ ४ मधील अर्ज आमच्याकडून चुकीने दाखल झाला. त्यात नमूद केलेले ‘व्यवसाय बंद’ हे कारण वस्तुस्थितीस धरून नाही. आमचा व्यवसाय नोंदविलेल्या जागी चालू आहे. सदर अर्जावर अद्याप आदेश झालेला नाही.
तरी विनंती की, (अ) सदर अर्ज मागे घेतल्याचे मानून त्यावर कार्यवाही करू नये. (आ) नोटिशीचा निर्णय दि. ९ जूनच्या उत्तराच्या व जोडपत्रांच्या आधारे करावा. (इ) आवश्यकता वाटल्यास सुनावणीची संधी द्यावी.

आपला विश्वासू,
(अधिकृत स्वाक्षरीकर्ता)
सोबत : नोटीस, उत्तर व अर्ज यांच्या प्रती, चालू महिन्यातील विक्रीची बिले.

‘आदेश झालेला नाही’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी त्याच दिवशी पोर्टलवर खात्री करून घ्यावी. ‘व्यवसाय बंद’ हे कारणही स्पष्ट शब्दांत नाकारावे. अन्यथा अर्ज मागे घेतल्यावरही ते विधान कबुलीसारखे नोंदीत राहते. चूक कोणाची याची लांबण लावू नये आणि या पत्रात नवे मुद्देही मांडू नयेत, कारण मूळ उत्तर अपुरे होते असा त्यातून अर्थ निघू शकतो. महाराष्ट्राबाहेरील कार्यालयासाठी हेच पत्र याच क्रमाने हिंदीत अथवा इंग्रजीत लिहावे. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी.

एवढ्याने काम संपत नाही. पत्र दिल्यामुळे नोंदणीचे निलंबन आपोआप उठत नाही. उत्तर समाधानकारक वाटल्यास अधिकारी नमुना आरईजी-२० मध्ये कार्यवाही थांबविल्याचा आदेश देतो व निलंबन त्यानेच संपते. तो आदेश हाती येईपर्यंत पोर्टलवरील स्थिती नियमितपणे पाहत राहावे. त्याऐवजी नमुना आरईजी-१९ मधील रद्दीकरणाचा आदेश आला, तर तो व्यापाऱ्याच्या अर्जावरून निघाला की नोटिशीवरून, हे सर्वप्रथम वाचावे. पुढचा मार्ग त्यावरच ठरतो.