एकूण आकड्यांच्या मागे काय दडलंय?

वार्षिक अहवालात मी आधी दोन टिपा काढतो: सेगमेंटची आणि रिलेटेड पार्टीची. नफा कुठून आला हे पहिली सांगते, कोणाकडून आला हे दुसरी.

१. विक्रीचा वाटा आणि नफ्याचा वाटा वेगळे असतात.

आयटीसीचंच बघा. बिस्किटं, आटा, कागद, शेतमाल, हॉटेलं असा मोठा पसारा; तरी वर्षानुवर्षं सेगमेंटच्या तक्त्यात सिगारेटचा विक्रीतला वाटा निम्म्याहून कमी आणि नफ्यातला तीन चतुर्थांशाच्या वर राहिला. हॉटेलांत भांडवल बरंच अडकलेलं होतं आणि त्या मानाने परतावा तुटपुंजा, हेही तिथेच दिसायचं. १ जानेवारी २०२५ पासून हॉटेलं वेगळी झाली. या निर्णयामागचं गणित भागधारकांना त्या तक्त्यात आधीपासून वाचता येत होतं.

२. सेगमेंटच्या नफ्याला त्याच सेगमेंटच्या मालमत्तेने भागा.

एका कंपनीचा अहवाल सांगतो. ओळख पटू नये म्हणून आकडे बदलले आहेत, प्रमाण साधारण तेच आहे. विक्री ९१० कोटींवरून १,००० कोटी, करपूर्व नफा ८४ वरून ९० कोटी. अध्यक्षांच्या निवेदनात अर्थातच दहा टक्के वाढीचं कौतुक होतं.

सेगमेंटच्या टिपेत दोन धंदे. वाहनांचे सुटे भाग: विक्री ७०० कोटी, नफा ९५, मालमत्ता ५००. विजेची उपकरणं: विक्री ३०० कोटी, नफा १८, मालमत्ता ४२०. म्हणजे पहिल्यात शंभर रुपयांवर १९ रुपये सुटतात, दुसऱ्यात जेमतेम चार. यातून व्याज आणि मुख्य कार्यालयाचा खर्च मिळून २३ कोटी वजा होतात, जे कुठल्याच धंद्यावर टाकलेले नाहीत. ही ‘अनअलोकेटेड’ ओळ कधीही सोडू नका. उपकरणांचा कारखाना कर्जावर उभा असेल, तर त्याचे ते चार रुपयेही व्याजात जातात.

आता वाढ कुठली ते पाहा. विक्रीतल्या ९० कोटींच्या वाढीपैकी ८० कोटी उपकरणांची, म्हणजे कमी कमावणाऱ्या धंद्याची.

३. वाढ ज्या वर्षी झाली, त्या वर्षी कोणत्या गिऱ्हाइकाची खरेदी वाढली ते शोधा.

त्याच अहवालात रिलेटेड पार्टीच्या टिपेत एक फर्म होती, प्रवर्तकांच्या भावाच्या ताब्यातली. तिला केलेली विक्री आदल्या वर्षी ५ कोटी, या वर्षी ६० कोटी. हा माल कोणत्या सेगमेंटचा, हे टीप सांगत नाही. ही तिची मर्यादाच आहे. पण ती फर्म उपकरणांची वितरक होती, त्यामुळे ८० पैकी ५५ कोटींची वाढ घरातूनच आली असं मानायला जागा होती.

४. व्यवहारापेक्षा बाकी जास्त बोलते.

‘भारतीय लेखामानक २४’प्रमाणे व्यवहाराची रक्कम, वर्षअखेरची येणी-देणी, त्यांच्या अटी आणि बुडीत येण्यांसाठीची तरतूद असं सगळं द्यावं लागतं. वाचणारे बहुतेक जण पहिल्या रकान्यावरच थांबतात. या फर्मकडून ३१ मार्चला ५२ कोटी येणं होतं, म्हणजे दहा महिन्यांहून अधिक विक्रीचे पैसे आलेच नव्हते. कंपनीची एकूण येणी १८० कोटी, साधारण ६६ दिवसांची. ही फर्म बाजूला काढली की उरलेल्या गिऱ्हाइकांकडून पैसे सुमारे ५० दिवसांत येत होते. तरतूद? शून्य. नेहमीच्या बाजारभावाने व्यवहार झाला असं लिहिलं होतं. पण दहा महिने उधारी बाहेरच्या गिऱ्हाइकाला कोण देतं?

रिलेटेड पार्टीशी व्यवहार म्हणजे लबाडी, असं मी म्हणत नाही. मूळ कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन रॉयल्टी देणं किंवा भगिनी कंपनीकडून कच्चा माल घेणं रास्तच असतं. रक्कम अचानक वाढली आणि पैसे आले नाहीत, असं दोन्ही एकत्र दिसलं की थांबायचं.

५. स्वतंत्र आणि एकत्रित, दोन्ही ताळेबंदांच्या टिपा वाचा.

उपकंपनीला दिलेलं कर्ज एकत्रित ताळेबंदात वजा होऊन दिसेनासं होतं. ते फक्त स्वतंत्र ताळेबंदात सापडतं. आणि ‘आमचा एकच सेगमेंट आहे’ म्हणणाऱ्या कंपनीलाही विक्रीची भौगोलिक विभागणी द्यावी लागते, शिवाय दहा टक्के किंवा त्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाइकाला असेल तर तेही सांगावं लागतं. नाव मात्र सांगण्याचं बंधन नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या सेगमेंटचे आकडे दर तिमाहीला आणि रिलेटेड पार्टीचे व्यवहार दर सहामाहीला शेअर बाजाराकडे देतात. तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे शेअर असतील, तर वार्षिक सभेच्या आधी रिलेटेड पार्टीकडच्या येणे बाकीची तेवढी ओळ काढा आणि पैसे पुढे आले का, हा प्रश्न सभेत विचारा.